उंबरठ्यावरचं बिल

तपासणीसबाई विक्रीदालनात उतरल्या की लोक उगाचच आपापली टेबलं आवरायला लागत. बाईंना त्याची गंमत वाटे. त्यांनी आजवर कुणाची नोकरी घालवली नव्हती की कुणावर आवाज चढवला नव्हता. पण 'तपासणी' हा शब्दच असा, की निरपराध माणसालासुद्धा आपण कधीतरी काहीतरी केलंय असं वाटायला लागतं.

कंपनी न्हाणीघराच्या सामानाची. खाली नळ, बेसिनं, टब आणि फरशा मांडलेलं लांबलचक दालन, मागे गोदाम, वर कचेरी. बाईंची खोली जिन्याच्या वळणावर. तिथून खालचं सगळं दिसे, आणि वरचं सगळं ऐकू येई. तपासणीसाला याहून चांगली जागा कुठली, असं मालकच म्हणत.

त्या सकाळी मालक स्वतःच खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"बाई, एका घरातलं भांडण माझ्या दुकानात आलंय," ते म्हणाले. "थोरली आणि धाकटी."

बाईंना दोघी ठाऊक होत्या. कोणाला नव्हत्या? दोघी एकमेकींच्या जावा, एकाच घरात राहणाऱ्या, दोघी विक्री विभागात. थोरली आधी लागली, दोन वर्षांनी तिनेच धाकटीला आणलं. थोरली कंत्राटदारांना आणि हॉटेलवाल्यांना माल विकायची. महिन्यात मोजकी बिलं, पण एकेक बिल हत्तीएवढं. धाकटी दालनात उभी राहून घरगुती गिऱ्हाईक सांभाळायची. कुणाला एक नळ, कुणाला आरसा, कुणाला बेसिन. चिमणीच्या चोचीने दाणा दाणा करत तीही मोठा पल्ला गाठायची.

"झालं काय?"

"गेल्या महिन्यात दोघींची विक्री सारखी झाली. बरोब्बर आठ लाख. मॅनेजरने बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, टाळ्या वाजल्या, दोघींना एकेक फुलदाणी दिली. मग कमिशनची पत्रकं हातात पडली. धाकटीला एकवीस हजार चारशे, थोरलीला सोळा हजार."

"आठ लाखांवर?"

"दोघींच्याही आठ लाखांवर. थोरली म्हणते, धाकटी मॅनेजरशी गोड बोलते म्हणून तिला जास्त. धाकटी म्हणते, मी काय चोरी केली? आता दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. एकीला दुसरीचा निरोप द्यायचा तर गोदामवाल्याला मध्ये घालावं लागतं. तो बिचारा माल चढवणार की निरोप पोचवणार?"

"आणि मॅनेजर काय म्हणतात?"

"म्हणतात, दर बरोबर, विक्री बरोबर, बेरीज बरोबर. प्रोग्राम करतो, माणूस हात लावत नाही." मालक उठले. "तुम्ही बघा. पण जरा हळूच. आग विझवायची आहे, फुंकर घालायची नाही."

बाईंनी मान डोलावली. मालक गेले आणि बाईंनी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला होता. सारखी विक्री आणि वेगळं कमिशन! असा तिढा वाट्याला आला की त्यांना सकाळची थंडीसुद्धा बोचत नसे.

आधी त्यांनी कंपनीचा कमिशनचा नियम काढून वाचला. महिन्याच्या विक्रीतल्या पहिल्या पाच लाखांवर दोन टक्के. पाच लाखांच्या पुढे दहा लाखांपर्यंत जी रक्कम असेल तिच्यावर चार टक्के. दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर सहा. महिना संपला की मोजणी परत शून्यापासून. चार ओळींचा नियम. त्याप्रमाणे आठ लाखांचं कमिशन तोंडी काढता येत होतं. पाच लाखांचे दहा हजार, उरलेल्या तीन लाखांचे बारा हजार, मिळून बावीस हजार.

बाईंनी चष्मा वर केला, खाली केला. बावीस हजार. म्हणजे थोरलीला कमी मिळालं होतं हे खरंच. पण धाकटीलाही कमीच मिळालं होतं! जिच्यावर लाड झाल्याचा आरोप, तिच्याच ताटातून सहाशे उचललेले.

"अरेच्चा," बाई रिकाम्या खोलीला म्हणाल्या.

मग त्या बिलाबिलाने खाली आल्या. थोरलीची फक्त दोन बिलं होती, एकाच हॉटेलची, चार चार लाखांची. दोन्हींसमोर दराच्या रकान्यात दोन टक्के. धाकटीची बिलं पानभर. वरच्या सगळ्यांना दोन टक्के, खालच्या सगळ्यांना चार, आणि मधे जिथे दर बदलत होता तिथे एक चाळीस हजारांचं बिल. त्याच्याआधीची बेरीज चार लाख नव्वद हजार, त्याच्यानंतरची पाच लाख तीस हजार. ते बिल एक पाय आत, एक पाय बाहेर असं उंबरठ्यावर उभं होतं. त्यातले दहा हजार अलीकडचे, तीस हजार पलीकडचे. पण पत्रकाने त्याला अख्खंच्या अख्खं अलीकडे ओढून दोन टक्के लावले होते. तीस हजारांवर दोन टक्के कमी, म्हणजे सहाशे.

थोरलीचंही तेच. पहिलं बिल चार लाखांचं. दुसरं सुरू झालं तेव्हा बेरीज चार लाखांवर होती, म्हणजे अजून पहिल्याच टप्प्यात. त्या दुसऱ्या बिलातला एक लाख अलीकडचा आणि तीन लाख पलीकडचे. पण तेही अख्खं अलीकडे. तीन लाखांवर दोन टक्के कमी, म्हणजे सहा हजार.

चूक एकच. धाकटीचं उंबरठ्यावरचं बिल लहान होतं म्हणून तिला चिमटा बसला, थोरलीचं मोठं होतं म्हणून तिला फटका.

संध्याकाळी घरी बाईंचा नवरा पोहण्याच्या तलावावरून आला. तो तिथे लोकांना पोहायला शिकवायचा आणि त्याच्या केसांना कायम तलावाच्या औषधाचा वास यायचा.

"आज फार खुशीत दिसतेस," तो टॉवेल दोरीवर टाकत म्हणाला. "पकडलंस की काय कुणाला?"

"एका बिलाला."

"कबूल झालं का?"

"बिल लगेच कबूल होतं. माणसं व्हायची आहेत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्रामवाल्यांना बोलावून घेतलं. शांत, टक्कल पडलेले गृहस्थ, स्वतःच्या चहाची बाटली बरोबर घेऊन फिरणारे. मॅनेजरही येऊन बसले. उंच, घाईतला माणूस. बसतानाही अर्धा उभा असल्यासारखा.

"प्रोग्राम दर कसा ठरवतो?" बाईंनी विचारलं.

"सोपं आहे," प्रोग्रामवाले म्हणाले. "बिल नोंदवण्याआधी त्या माणसाची महिन्याची बेरीज किती झालीय ते बघतो. ती ज्या टप्प्यात असेल, त्या टप्प्याचा दर बिलाला लावतो."

"पूर्ण बिलाला?"

"पूर्ण बिलाला."

"आणि बिल मधेच टप्पा ओलांडत असेल तर?"

"तर काय करायचं, हे मी विचारलं होतं." त्यांनी बाटलीचं झाकण शांतपणे फिरवलं. "मॅनेजरसाहेब म्हणाले, बिल फोडायचं नाही."

मॅनेजर ताडकन पूर्ण उभे राहिले. "मी? मी गिऱ्हाइकाला द्यायच्या बिलाबद्दल बोललो होतो! त्याच आठवड्यात तुमच्या नव्या यंत्राने एकाच टबाची दोन बिलं छापली होती. ते गृहस्थ दालनात येऊन ओरडत होते, की मी टबात अर्धाच बसायचं का?"

"तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात. बिल अजिबात फोडू नका."

"अहो, पण कमिशनचं बिल आणि गिऱ्हाइकाचं बिल..."

"मला बिल म्हणजे बिल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते कागदाआड लपवलं. लबाडी कुणीच केली नव्हती. फोनवरच्या एका वाक्याने वर्षभर सगळ्यांच्या खिशाला भोक पाडलं होतं, आणि भोक एवढं व्यवस्थित होतं की बेरीज दर महिन्याला बरोबर यायची.

"परत आलेल्या मालाचं?" बाईंनी विचारलं.

प्रोग्रामवाल्यांनी क्षणभर विचार केला. "तिथेही तसंच. वजावटीच्या आधीची बेरीज वरच्या टप्प्यात असेल, तर सगळी वजावट वरच्या दराने."

"म्हणजे बेरीज उंबरठ्याच्या अलीकडे परत आली, तरी कापणी सगळी पलीकडच्या दराने. जाताना कमी द्यायचं, येताना जास्त कापायचं!"

"तसं म्हटलं तर... हो," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदाच चहाचा घोट न घेता बाटली खाली ठेवली.

मग बाईंनी सगळ्या विक्रेत्यांची, प्रोग्राम आल्यापासूनची पत्रकं मागवली आणि पुन्हा मोजायला घेतली. काम मोठं होतं पण बाईंना ते गोड लागत होतं. दुपारच्या डब्याचीसुद्धा आठवण राहत नव्हती. प्रत्येकाला कमीच मिळालं होतं. कुणाला महिन्याला हजार, कुणाला चार, थोरलीला सगळ्यांत जास्त. जास्त मात्र एकालाही गेलं नव्हतं. दर चढते, आणि प्रोग्राम उंबरठ्यावर नेहमी खालचा दर धरणारा, मग कुणाला जास्त जाणार कसं?

फक्त एक माणूस या सगळ्यातून जवळजवळ कोरडा सुटला होता. त्याचं नुकसान महिन्याला पन्नास-शंभर, कधी तेवढंही नाही. तो थांबराव.

थांबराव हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. गोदामवाल्याने ते ठेवलं होतं, कारण गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर आली की हा हमखास म्हणायचा, "थांबा, जरा थांबा. याचं बिल आताच करू नका." संगमरवरी टब गोदामात आठवडाभर पडून राही, गिऱ्हाईक फोन करून करून दमे, आणि थांबराव आधी साबणदाण्या आणि टॉवेलकांड्या विकत बसे.

बाईंनी त्याला वर बोलावलं. जिना चढून येईस्तोवर त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बसा. मी काही खात नाही," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, मोठं बिल तुम्ही मागे का ठेवता?"

"सवय आहे, मॅडम."

"सवय कशामुळे लागली?"

थांबरावाने इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या लक्षात आलं होतं. पाच लाखांच्या जवळ आलो की एखादं छोटं बिल मध्ये घालायचं. पाच लाख ओलांडले की मग मोठं बिल करायचं. कमिशन जास्त येतं. उलटं केलं की कमी येतं. का ते मला नाही माहीत. मी काही खोटं नाही केलं, मॅडम!"

"नाहीच केलंत. तुम्हाला मिळालं ते तुमच्या हक्काचंच होतं. पण मग इतरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! चहा पिताना सगळ्यांना सांगितलं, मोठं बिल मागाहून करा, लाभतं. सगळे हसले. म्हणाले, थांबराव आता शकुन सांगायला लागले."

यावर मात्र बाई मोकळेपणाने हसल्या, आणि घामाघूम थांबरावही हसला.

मालकांकडे जाण्याआधी बाईंनी जावांना बोलवायचं ठरवलं. दोघींनी आपापली पत्रकं आपणहून तपासायला दिली होती, म्हणून दोघींशी एकत्र बोलायला हरकत नव्हती. खोलीत कागद समोर ठेवून सांगावं असा त्यांचा बेत होता. पण थोरली वर यायला तयार होईना. "ती असेल तिथे मी बसणार नाही," असं तिने गोदामवाल्याकडून कळवलं. मग बाईच खाली गेल्या. दालन उघडायला अजून अवकाश होता. थोरली एका टोकाला फरशांचे नमुने लावत होती, धाकटी दुसऱ्या टोकाला नळ पुसत होती, आणि दोघींच्या मध्ये मांडलेल्या टबांची रांग अशी दिसत होती, जणू दोन गावांमधली नदीच.

"दोघी इकडे या," बाई म्हणाल्या. "बसायचं नाही, उभ्यानेच ऐका."

दोघी आल्या, टबाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. टप्पा, दर, ओलांडणारं बिल. थोरलीचा चेहरा दगडासारखा राहिला. "मॅडम, ते आकडे मला नका सांगू," ती म्हणाली. "विक्री सारखी, पैसे वेगळे. बाकी सगळी सारवासारव."

बाईंनी सभोवार पाहिलं. मग त्यांनी फरशी पुसणाऱ्यांची पाच लिटरची बादली आणली आणि टबाच्या आत ठेवली.

"ही बादली म्हणजे पहिले पाच लाख. हिच्यात पडेल त्या पाण्याला दोन टक्के. बादली भरून जे टबात सांडेल त्याला चार. पटतंय?"

"पटतंय," धाकटी म्हणाली.

"हे तुमचं पहिलं बिल." बाईंनी मोजून चार लिटर पाणी बादलीत ओतलं. "आता हे दुसरं. तेवढंच." त्यांनी दुसरं भांडं भरून थोरलीच्या हातात दिलं. "ओता."

थोरलीने नाइलाजाने ओतलं. बादली काठोकाठ भरली आणि पाणी भळाभळा टबात गेलं.

"किती मावलं?"

"एक लिटर," थोरली म्हणाली. "तीन बाहेर गेलं."

"प्रोग्राम म्हणतो, बाहेर काही गेलंच नाही. ओतायला सुरुवात केली तेव्हा बादलीत जागा होती ना? मग आठही लिटर बादलीतच. आठ लाखांना दोन टक्के. सोळा हजार."

थोरलीने बादलीकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं. "पाच लिटरच्या बादलीत आठ लिटर?"

"हो. वर्षभर."

"आणि हिचं?" थोरलीने पहिल्यांदा धाकटीकडे हनुवटी उडवली.

"हिने पेल्यापेल्याने ओतलं. त्यामुळे काठावर आल्यावर चुकला तो एकच पेला. पण चुकला. बावीस हजार यायला हवे होते, एकवीस हजार चारशे आले. लाड कुणाचेच झाले नाहीत. दोघींनाही कमी मिळालंय, तुम्हाला जास्त कमी, एवढंच."

टबातलं पाणी हलायचं थांबलं. मग थोरलीने नाकाने एक मोठा श्वास घेतला.

"धाकटे, तुलापण कापलं?"

"मी तेच तर म्हणत होते, ताई. मला जास्त दिलंय असं तुम्हाला वाटलं, आणि मला वाटलं, असेल बाई, मी काय हिशेब मांडलाय थोडाच! मला फक्त तुमच्याबरोबर यायचं होतं." धाकटीचा आवाज चिरकला. "शेवटच्या दिवशी तुमचे आठ लाख झाले कळलं, आणि मला थोडेच कमी पडत होते. म्हणून शेजारच्या आजोबांच्या मागे लागून त्यांना नळ घ्यायला लावला. आपण दोघी सारख्या याव्यात म्हणून."

"आजोबांना? त्यांच्याकडे नवा नळ आहे की!"

"आता दोन आहेत."

थोरलीच्या तोंडातून असा आवाज आला की बाईंना आधी वाटलं रडतेय. पण ती हसत होती. हसता हसता तिने टबाला वळसा घातला आणि धाकटीच्या पाठीत एक धपाटा घातला. धपाटा चांगलाच जोरात होता. त्यात दिलगिरी होती आणि शिवाय थोडा रागही, कारण राग काही एका सकाळीत निघून जात नाही.

"मी तुला नाही नाही ते बोलले," ती म्हणाली.

"बोललात," धाकटी म्हणाली. "सासूबाईंसमोर बोललात."

"त्यांच्यासमोरच परत घेते. चल."

"आता? दालन उघडायचंय."

"मग संध्याकाळी."

राहिले मालक. त्यांना बादली दाखवून उपयोग नव्हता. बाईंनी त्यांच्यासमोर कागद ठेवला. थकबाकीची बेरीज पाहून मालकांच्या भुवया पार वर चढल्या.

"एवढी?"

"एवढीच."

"बाई, पण बिल एक तर दर एक, यातही काही अर्थ आहे. बिल ज्या टप्प्यात सुरू झालं, त्या टप्प्याचं. असंही म्हणता येईल की."

"म्हणता येईल. पण तुमच्या नियमात 'रकमेवर' असा शब्द आहे, 'बिलावर' नाही." बाईंनी ओळीखाली बोट धरलं. "आणि हे बघा. तीन बिलं. एक लाख, चार लाख, तीन लाख. या क्रमाने केली तर प्रोग्राम बावीस हजार देतो. तेवढेच द्यायला हवेत. आता हीच तीन बिलं, तेच गिऱ्हाईक, तोच माल, फक्त आधी चारचं, मग तीनचं, शेवटी एकचं. प्रोग्राम अठरा हजार देतो."

मालकांनी स्वतः पेन घेतलं आणि मोजलं. चार लाखांचे आठ हजार. तीन लाखांचं बिल चारवर सुरू झालं, म्हणजे सहा हजार. एक लाखाचं सातवर सुरू झालं, चार हजार. अठरा. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा अठरा.

"म्हणजे माणसाचं कमिशन, गोदामातून कुठली गाडी आधी सुटली त्यावर?"

"त्यावरच. आणि हे ज्याच्या लक्षात येईल, तो काय करेल? मोठी ऑर्डर दाबून ठेवेल. टब गोदामात पडून राहील. उशिरा माल पोचल्याच्या तक्रारी तुम्ही मला मागे दाखवल्या होत्यात ना? त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या ऑर्डरींच्या आहेत."

नाव त्यांनी घेतलं नाही. मालकांनीही विचारलं नाही. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली गोदामवाला टबाला प्लास्टिक गुंडाळत होता.

"तक्रारींनी माझी झोप उडवली होती," ते शेवटी म्हणाले. "मी गोदामवाल्याला बोल लावले, गाडीवाल्याला बोल लावले. द्या सगळ्यांना थकबाकी. पगाराबरोबर, दोन हप्त्यांत. एकदम दिली तर माझंच पाणी टबात सांडेल."

बाई दचकल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जिन्याच्या वळणावरून मलापण खालचं सगळं दिसतं, बाई."

मॅनेजरांनी त्या आठवड्याच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक त्यांच्या एका अर्धवट निरोपामुळे झाली. थोरलीची त्यांनी वेगळी माफी मागितली. थोरली म्हणाली, "माफी राहू दे साहेब, पुढच्या वेळी फुलदाणीऐवजी बरोबर हिशेब द्या." सगळे हसले, मॅनेजरही हसले, आणि एकदाचे खुर्चीत नीट बसले.

प्रोग्राम दुरुस्त झाला तेव्हा बाईंनी तो हाताने तपासला. बरोब्बर पाच लाखांचं एक बिल दिलं, दहा हजार आले. त्यावर शंभरचं बिल दिलं, चार वाढले. महिन्याचं एकच बिल, बारा लाखांचं, दिलं. दहा हजार, वीस हजार आणि बारा हजार, मिळून बेचाळीस. दोन्ही उंबरठे एका उडीत ओलांडले होते आणि पाणी जिथल्या तिथे सांडलं होतं. मग बिलांचा क्रम उलटा केला, पालटा केला, मधेच माल परत आणला. उत्तर हललं नाही.

"आता कसंही ओता," प्रोग्रामवाले बाटली उघडत म्हणाले.

"आता कसंही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांच्याकडून अर्धा कप चहा मागून घेतला.

पुढच्या महिन्यात एका दुपारी बाई दालनात उतरल्या त्या तपासायला नव्हे. त्यांच्या घरचा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला होता आणि नवऱ्याने हात वर केले होते. पाण्यात पोहणं वेगळं आणि पाणी अडवणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. बाईंनी पाच-सात नळ फिरवून पाहिले. थोरली तिथून चालली होती, तिने थांबून एक काढून दिला.

"हा घ्या. हॉटेलवाले हाच घेतात. आयुष्यभर बघायला नको."

बाईंना तो आवडला. तेवढ्यात धाकटी बिलाचं पुस्तक घेऊन आली आणि लिहायला लागली.

"ए, नळ मी दाखवला," थोरली म्हणाली.

"दालनातलं गिऱ्हाईक माझं, ताई. तुम्ही कंत्राटदार बघा."

"दाखवला कुणी? समजावलं कुणी?"

"लिहितंय कोण?"

"लिहिता मलाही येतं! दोन अक्षरं काय लिहिलीस, लगेच मालकीण झालीस?"

"मी काल तुमच्या त्या कंत्राटदाराला बेसिन दाखवलं, तेव्हा मी मागितलं का काही?"

"बेसिन कुठे, ती साबणदाणी होती!"

दोघींचे आवाज चढत गेले. फरशा बघायला आलेलं एक जोडपं वळून पाहायला लागलं. गोदामवाला दारात येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आता आपल्याला निरोप पोचवायचा नाही या समाधानात. बाई मधे नळ धरून उभ्या होत्या.

"माझ्या खरेदीवर कुणालाच कमिशन नाही," त्या म्हणाल्या. "मी तपासणीस आहे. काउंटरवर विनाकमिशनचं बिल करा."

दोघी एकदम बाईंकडे वळल्या.

"असं कसं, मॅडम?" थोरली म्हणाली.

"नियमात कुठे लिहिलंय?" धाकटी म्हणाली.

बाई काउंटरकडे निघाल्या. मागून दोघी, आता एका बाजूने, तावातावाने त्यांना नियम समजावून सांगत येत होत्या.